‘more’च्या आधीच्या दोन ओळी: जाहिरातीचं लांब कॅप्शन टाकण्यापूर्वीची तयारी

शुद्धलेखन, तारीख, वेळ, लिंक. हे सगळे तपासतातच, त्यावर शब्द खर्च करत नाही. राहून जातं ते एकच: कॅप्शन नेमकं कुठे तुटतंय हे पोस्ट करण्याआधी फोनवर बघणं. लिहायच्या चौकटीत मजकूर अखंड दिसतो, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. वाचणाऱ्याला मात्र इन्स्टाग्रामच्या फीडमध्ये साधारण दोन ओळी दिसतात, लिंक्डइनवर तीनच्या आसपास, आणि बाकीचं ‘more’च्या मागे जातं. इन्स्टाग्राम २,२०० अक्षरं लिहू देतं, पण ती वाचायची की नाही हे त्या दोन ओळींवर ठरतं.

पहिली ओळ पहिल्यांदा लिहू नका. आधी पूर्ण कॅप्शन लिहून काढा, मग त्यातलं एकटं उभं राहू शकेल असं सर्वांत कामाचं वाक्य शोधा. ते बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात दडलेलं असतं, कारण विषयात शिरेपर्यंत आपण तेवढं लिहून झालेलं असतं. ते वाक्य उचलून वर आणा.

उदाहरणार्थ, सायकल दुरुस्तीच्या ऑनलाइन वर्गाचं कॅप्शन घ्या. पहिला मसुदा साधारण असा असतो: ‘नमस्कार मित्रांनो! गेले अनेक दिवस ज्याची तुम्ही आतुरतेने वाट पाहत होतात आणि ज्याबद्दल आम्हाला सतत विचारणा होत होती…’ आणि इथे तुटलं. वर्ग कशाचा, कोणासाठी, काहीच कळलेलं नाही. त्याच मजकुरात खाली कुठेतरी असतं की ब्रेकचा आवाज बऱ्याचदा रिमवरच्या तेलकट मळामुळे येतो. तेच वर घ्या: ‘ब्रेक कर्कश वाजतोय? नवे पॅड घेण्याआधी रिम पुसून बघा.’ सायकलवाला थांबतो, कारण हा आवाज त्याने ऐकलेला आहे आणि करून बघण्यासारखं काहीतरी हातात पडलंय. ज्याच्याकडे सायकल नाही तो पुढे जातो. जाऊ दे, त्याला वर्ग विकायचाच नाही.

आता दोन्ही मसुद्यांतली क्रियापदं बघा. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘ज्यांना… पण ज्यांच्याकडे… अशा सगळ्यांसाठी’ अशी गाडी सुरू झाली की अर्थ पोचवणारा शब्द नेमका कापाच्या पलीकडे जातो आणि अलीकडे उरतात नुसती विशेषणं. अर्धवट वाक्यामुळे उत्सुकता वाढेल या भरवशावर राहू नका. कशाबद्दल आहे हेच कळलं नाही तर उत्सुकता कशाची वाटणार? कापाच्या आधी निदान एक वाक्य क्रियापदासकट संपलं पाहिजे. प्रश्न विचारला असेल तर तो आठ-दहा शब्दांच्या आत संपवा. ‘तुम्हाला माहीत आहे का’ने सुरू होणारा प्रश्न तर नकोच, त्यात पहिले चार शब्द फुकट जातात.

मग लांबी. ‘more’च्या आधी १२५ अक्षरं दिसतात, हा आकडा सगळीकडे सांगितला जातो आणि लोक तो मोजणी करणाऱ्या साधनात घालून निश्चिंत होतात. देवनागरीत तो आकडा फसवतो. साधन काना, मात्रा, वेलांटी, हलंत सगळं वेगळं मोजतं. वरचं ब्रेकचं वाक्य मोजलं तर मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं धरून ५२ भरतात, पण डोळ्यांना दिसणारी अक्षरं आहेत २४. शिवाय फीडमध्ये काप कुठे पडतो ते पडद्यावरच्या ओळींवर ठरतं, आणि ओळीत किती मावेल हे फोनची रुंदी आणि अक्षरांचा आकार ठरवतात. म्हणून मोजणी अंदाजापुरती ठेवा आणि फोनवर बघा.

फोनवर बघायचं म्हणजे नेमकं असं. एक खासगी चाचणी खातं ठेवा आणि त्याचं नाव तुमच्या खऱ्या खात्याच्या नावाइतकंच लांब घ्या. हे महत्त्वाचं आहे, कारण इन्स्टाग्रामच्या फीडमध्ये खात्याचं नाव कॅप्शनच्या पहिल्या ओळीतच येतं आणि तिची जागा खातं. नाव वीस अक्षरांचं असेल तर पहिल्या ओळीत जेमतेम दोन-तीन शब्द उरतात. (संस्थेचं नाव हुकमध्ये, म्हणजे वाचणाऱ्याला थांबवणाऱ्या त्या सुरुवातीच्या वाक्यात, पुन्हा लिहायचं नाही ते यासाठीच.) तिथे खऱ्या चित्रासकट पोस्ट टाका आणि दुसऱ्या फोनवरून फीडमध्ये उघडा. शक्य झालं तर एक छोटा फोन घ्या, आणि एकदा अक्षरांचा आकार मोठा करून बघा. बरेच जण तसाच वापरतात. काप शेवटच्या शब्दाच्या मधोमध येत असेल तर वाक्यातले दोन शब्द काढा.

ओळ मोडणं हीसुद्धा जागाच आहे. पहिल्या वाक्यानंतर रिकामी ओळ सोडली की तीही ओळींमध्ये धरली जाते. लिंक्डइनवर एक वाक्य, एक रिकामी ओळ, एक वाक्य, की संपलं. तिथे हे मुद्दाम केलेलं चालतं. इन्स्टाग्रामवर मात्र दुसरी ओळ रिकामी सोडलीत तर दोनातली एक स्वतःच्या हाताने घालवलीत. इमोजींची रांग, हॅशटॅग, कोणाला टॅग करणं, सगळं खाली न्या. आणि यातलं काहीही हलवलं तर पुन्हा फोनवर बघा. ‘एकच शब्द तर बदलला’ म्हणून सोडू नका. एक शब्द वाढला की शेवटचा शब्द कापाच्या मागे जातो, आणि मराठीत तो शेवटचा शब्द क्रियापद असतो.

कापानंतरची पहिली ओळ हुकचं देणं फेडणारी हवी. रिम पुसायला सांगितलंय, तर ‘more’ दाबल्याबरोबर कशाने ते यावं: स्वच्छ फडकं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन्ही बाजू. त्याने आवाज थांबला नाही तर पॅडची पुढची कड रिमला आधी टेकेल असा किंचित कोन द्यायचा. वर्गाची माहिती यानंतर. ‘more’ दाबल्यावर लगेच नावनोंदणीची लिंक समोर आली तर माणूस फसवल्यासारखा निघून जातो, आणि पुढच्या वेळी तुमचं ‘more’ दाबत नाही. शुल्क, तारीख पहिल्या ओळीत नको. मुदत आज-उद्या संपत असेल तरच.

चित्रावर जे लिहिलंय तेच हुकमध्ये परत नको. रील असेल तर कॅप्शन व्हिडिओवर एकाच ओळीत, तेही तोकडं दिसतं. पहिले तीन-चार शब्द कामाचे ठेवा: ‘ब्रेक कर्कश वाजतोय?’ एवढंही पुरतं. एकच मजकूर दोन ठिकाणी टाकणार असाल तर दोन्हीकडे वेगळं तपासा.

टाकल्यावर लगेच दुसऱ्या फोनवरून फीडमध्ये बघा. चुकीचं तुटलं असेल तर पोस्ट काढू नका, कॅप्शन संपादित करा आणि पुन्हा फोनवर बघा.