एका हाताने उचललं आणि बाळ हातच हलवेना

एक ते चार वर्षांच्या मुलाला एका हाताला धरून वर ओढलं की कोपरातलं हाडाचं टोक त्याला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यातून किंचित निसटू शकतं. मूल क्षणभर रडतं, मग शांत होतं; पण तो हात जरासा वाकवून, तळवा आतल्या बाजूला ठेवून अंगालगत लोंबता धरतं. सूज बहुधा नसतेच, म्हणून मोठ्यांना मनगट दुखावल्यासारखं वाटतं.

ओळखायचं कसं? आवडतं खेळणं त्याच हाताच्या बाजूला धरा. मूल दुसरा हात आडवा आणून घेतं.

घरी ओढून-पिरगाळून बघू नका. डॉक्टर काही सेकंदांत बसवतात, बहुतेक मुलं थोड्याच वेळात हात वापरू लागतात. मूल पडलं असेल, किंवा सूज, वाकडेपणा दिसत असेल, तर फ्रॅक्चरची शंका धरून आधी एक्स-रे.

पुढे उचलताना दोन्ही काखांत हात घाला.