रेंज गेली तरी न अडणारं दूध संकलनाचं ॲप कसं बांधावं

दूध संकलन केंद्रावर सकाळी सहाला रांग लागते. वजनकाट्यावरचा मुलगा सभासदाचा नंबर टाकतो, मग लिटर, फॅट आणि एसएनएफ, आणि पावती देतो. डोंगराआडच्या गावात नेमकी तेव्हाच रेंज नसते. स्क्रीनवर गोल फिरत बसलं की मागचा माणूस किटली आपटायला लागतो. अशा केंद्रासाठी अँड्रॉइड ॲप लिहिताना मी जे शिकलो, त्यातला बराच भाग आधी चुकून मग शिकलो. तो क्रमाने सांगतो.

१. स्क्रीनने सर्व्हरशी बोलायचंच नाही

स्क्रीन फक्त फोनमधल्या एसक्यूलाइट डेटाबेसमधून वाचेल आणि तिथेच लिहील. सर्व्हरकडून काही आलं तर तेही आधी टेबलात जाईल आणि मग टेबल बदललं म्हणून स्क्रीन बदलेल. रूम लायब्ररीत क्वेरीचं उत्तर फ्लो म्हणून घेतलं की हे आपोआप होतं. 'रेंज असेल तर सर्व्हरचं दाखवू, नसेल तर फोनमधलं' अशी दुहेरी वाट ठेवू नका. मी ठेवली होती. एकाच सभासदाचे दोन पडद्यांवर दोन आकडे दिसायचे आणि खरा कुठला ते मलाही सांगता यायचं नाही.

२. नोंदीचा ओळखक्रमांक फोनवरच तयार करा

१, २, ३ असे चढते क्रमांक दिले तर दोन फोनवर ५७ नंबरच्या दोन वेगळ्या नोंदी होतात. प्रत्येक नोंदीला यूयूआयडी द्या, म्हणजे सर्व्हरला विचारावं लागत नाही.

३. नोंद आणि 'पाठवायचं आहे' ही चिठ्ठी एकाच व्यवहारात लिहा

```sql
BEGIN;
UPDATE nond SET fat = 4.3 WHERE id = :id;
INSERT INTO outbox (op_id, nond_id, field, old, new)
VALUES (:op, :id, 'fat', 4.1, 4.3);
COMMIT;
```

दोन्ही वेगवेगळं लिहिलं आणि मधेच फोन बंद पडला, तर नोंद फोनमध्ये राहते पण वर कधीच जात नाही. हे लगेच कळत नाही, दहा दिवसांनी बिल निघताना कळतं. चिठ्ठीत आख्खी नोंद न टाकता बदललेला रकाना, त्याची जुनी किंमत आणि नवी किंमत एवढंच लिहिलंय, ते लक्षात ठेवा. पुढचा सगळा निवाडा त्या जुन्या किमतीवर चालतो. नवी नोंद मात्र चिठ्ठीत पूर्णच जाते, कारण तिला जुनं काही नसतं.

४. चिठ्ठ्या लागल्या क्रमाने पाठवा. दोनदा पोचली तरी एकदाच लागू व्हावी

पाठवायचं काम वर्कमॅनेजरवर सोपवा आणि 'नेटवर्क असेल तरच' ही अट घाला. ठरावीक वेळाने चालणारं काम तो १५ मिनिटांपेक्षा कमी अंतराने चालवत नाही, म्हणून प्रत्येक नोंदीनंतर एकवेळचं कामही लावा.

इथला खरा धोका वेगळा आहे. सर्व्हरने नोंद घेतली, पण उत्तर परतताना रेंज गेली. फोनला वाटतं पोचलंच नाही, तो पुन्हा पाठवतो आणि एकाच दुधाचे दोनदा पैसे लागतात. म्हणून सर्व्हरवर चिठ्ठीच्या ओळखक्रमांकाला, म्हणजे `op_id` ला, युनिक बंधन घाला आणि ते बदलाच्याच व्यवहारात नोंदवा. तीच चिठ्ठी पुन्हा आली तर काही न करता पहिलंच उत्तर द्यायचं.

५. वरचं खाली आणताना फोनच्या घड्याळावर भरवसा नको

'काल सायंकाळनंतरचे बदल दे' असं मागू नका. आमच्या एका फोनची तारीख मागच्या वर्षीची निघाली होती. सर्व्हरने प्रत्येक बदलाला चढता क्रमांक द्यावा आणि फोनने 'मला ४१८० पर्यंतचं मिळालंय, पुढचं दे' म्हणावं. हा क्रमांक केंद्रागणिक एका ओळीत ठेवा आणि त्याच व्यवहारात ती ओळ कुलूप लावून वाढवा. नाहीतर ४१८२ आधी पक्का होतो, ४१८१ मागून. दरम्यान फोन ४१८२ पर्यंत पोचलेला असतो, आणि ४१८१ त्याला कधीच दिसत नाही.

खाली आलेल्या नोंदीवर फोनमध्ये न गेलेली चिठ्ठी असेल, तर आधी सर्व्हरची नोंद लिहा आणि तिच्यावर ती चिठ्ठी पुन्हा लावा. नाहीतर मुलाने आत्ताच केलेली दुरुस्ती त्याच्या डोळ्यांदेखत पुसली जाते.

६. दोघांनी एकच नोंद बदलली तर

सभासद ११२, सकाळची पाळी: ८.४ लिटर, फॅट ४.१. समजा, या फॅटला दर ३४ रुपये आहे, म्हणजे २८५.६० रुपये. ऑफिसात सचिवांनी वही पाहून लिटर ८.० केले. इकडे केंद्रावर रेंज नसताना मुलाने फॅट पुन्हा तपासून ४.३ केलं, त्याला दर ३५.

शेवटी आलेली आख्खी नोंद ठेवली, तर सचिवांची दुरुस्ती गुपचूप मरते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. आपल्या चिठ्ठीत मात्र 'फॅट ४.१ होतं, ४.३ केलं' एवढंच आहे. सर्व्हर बघतो, आपल्याकडे फॅट अजून ४.१ च आहे का? आहे. मग बदल लागू. ८.० लिटर आणि ४.३ फॅट, दोन्ही दुरुस्त्या टिकल्या.

पण रक्कम? ती रकाना म्हणून साठवली असेल तर सचिवांच्या बाजूला ८.० × ३४ = २७२ आणि मुलाच्या फोनवर ८.४ × ३५ = २९४. बरोबर रक्कम ८.० × ३५ = २८०, जी कुठेच साठवलेली नाही. म्हणून हिशोबातून निघणारी रक्कम जुळवायची नसते, जुळवणीनंतर नव्याने काढायची असते. उचलीच्या शिल्लकीचंही तेच: प्रत्येक उचल आणि कपात स्वतंत्र नोंद ठेवा, शिल्लक बेरजेतून येऊ द्या.

उलट, काही रकाने फोडायचे नसतात. फॅट आणि एसएनएफ एकाच नमुन्याचे आकडे आहेत. एकाने फॅट बदललं, दुसऱ्याने एसएनएफ, आणि दोन्ही घेतलं तर कुणीच न तपासलेलं दूध तयार होतं. ही जोडी एकच रकाना धरून तिची जुनी-नवी किंमत मिळून पाठवा.

आता दोघांनीही लिटरच बदलले: सचिवांनी ८.०, मुलाने ८.६. चिठ्ठी म्हणते जुनी किंमत ८.४, सर्व्हरवर ८.०. इथे कोड निवाडा करू शकत नाही. दोन्ही आकडे, कोणी टाकले त्यासह, सचिवांच्या पडद्यावर ठेवा आणि निवड होईपर्यंत ती नोंद बिलात धरू नका. त्या नोंदीच्या मागच्या चिठ्ठ्या तोवर थांबवा. बाकी सभासदांच्या मात्र जाऊ द्या.

७. खोडलेली नोंद खरोखर पुसू नका

ओळ काढून टाकली तर दुसऱ्या फोनला ती खोडल्याचं कळायला काही उरत नाही. `deleted = 1` लावा आणि तो बदल इतरांसारखाच पाठवा. एकाने खोडली आणि दुसऱ्याने दुरुस्त केली, तर तेही सचिवांकडेच.

८. तपासताना निर्दय व्हा

दोन फोन घ्या, दोन्ही विमान मोडवर टाका, एकच नोंद दोन्हीकडे बदला, मग उलटसुलट क्रमाने रेंज द्या. सर्व्हर उत्तर देण्याआधी जोडणी तोडा. 'जतन' दाबताक्षणी ॲप मारून टाका. दरवेळी दोन्ही फोन आणि सर्व्हर यांवरची लिटरची बेरीज जुळली पाहिजे.

एवढं करूनही फोन विहिरीत पडला तर न गेलेल्या चिठ्ठ्या गेल्याच. म्हणून पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात 'पाठवायच्या: १४' असा आकडा ठेवा. आमच्या केंद्रावरचा मुलगा तो शून्य होईपर्यंत फोन घेऊन देवळाच्या ओट्यावर जाऊन उभा राहतो, तिथे दोन कांड्या रेंज येते.