समुपदेशनाची वही: दर वेळी ‘आठवडा बरा गेला’ एवढंच निघत होतं

फोंड्याहून पणजीला सेशनला जाताना बसमध्ये वही उघडायची, तर पानोपानी तेच: ‘चिडचिड झाली, पण सावरलं.’ मॅडमना त्यातून धरायला काही मिळेना. रोज रात्री पानभर लिहिलं, मोबाइलवरही लिहून पाहिलं. रात्रीपर्यंत प्रसंग गुळगुळीत झालेला असायचा. दोन महिने असेच गेले, वैताग आला.

शेवटी जमलं ते असं. प्रसंगानंतर तासाभरात लिहायचं. आधी वेळ आणि जागा, मग फक्त दिसलं-ऐकलं ते, मग मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं, मग भावना 0 ते 100 मध्ये, शेवटी मी काय केलं. कारणं शोधायची नाहीत.

चवथीच्या आदल्या दिवशीची नोंद: ‘सकाळी 11, गणपतीवर फळांची माटोळी बांधताना. वहिनी म्हणाली, “राहू दे, मी करते.” मनात: मला काहीच जमत नाही. लाज 80. आत गेले, जेवणापर्यंत बोलले नाही.’ पूर्वी मी ‘वहिनीने अपमान केला’ असं लिहिलं असतं, आणि सेशनभर वहिनीबद्दलच बोलले असते. या वेळी बोलणं त्या मनातल्या वाक्यावर झालं.

सेशनच्या आदल्या दिवशी एकाच नोंदीवर खूण करते. वही मॅडमच्या हातात देत नाही, तेवढीच नोंद वाचून दाखवते. कोणी वाचणार म्हटलं की माझा हात सजवूनच लिहितो. लिहिताना दहा मिनिटांनंतरही तेच घोळत राहिलं, तर वही मिटते.