शाकाहारी गरोदरपण: लोहाच्या गोळ्या चालू, तरी हिमोग्लोबिन हलत नाही?

माझी भाची सातव्या महिन्यात खानापूरला माहेरी आली. पुण्यात राहताना चार वर्षांपूर्वीच तिने दूध-तूप सोडलेलं. गरोदरपणाच्या तपासण्या नोंदवायच्या तायी कार्डावर हिमोग्लोबिन ९.४. महिनाभर लोहाच्या गोळ्या घेऊनही ते ९.५ वरच अडलं. गोळी नीट लागू पडली, तर महिन्यात साधारण एका अंकाने वाढ दिसायला हवी.

आधी गोळी कशी घेतली जाते ते बघा. भाची जेवणानंतर चहासोबत घ्यायची! चहा लोह शोषू देत नाही, कॅल्शियमची गोळीही तेच करते. म्हणून लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची आणि कॅल्शियम किमान दोन तासांनी. चहा जेवणानंतर तास-दीड तासाने. मटकीच्या उसळीवर किंवा हुलग्याच्या माडग्यात लिंबू पिळलं की त्यातलं लोहही जास्त अंगी लागतं. नुसत्या गुळावर भरवसा ठेवू नका.

एवढं करूनही आकडा हलेना, तर बी-१२ची रक्ततपासणी करून घ्या. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असतं, बी-१२ नसतं. बी-१२ कमी असेल तर तांबड्या पेशी मोठ्या होतात, लोह कमी असेल तर लहान. दोन्ही कमी असली की सरासरी आकार ठीक दिसतो आणि रिपोर्ट फसवतो. फॉलिक ॲसिडने रक्त थोडं सुधारतं, पण बी-१२अभावी नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. हातापायांना मुंग्या, जीभ लाल आणि गुळगुळीत होणं, या खुणा भाचीला होत्या; आम्ही त्या गरोदरपणाच्या खाती टाकल्या.

दूध घेणाऱ्या बाईला पेलाभर दुधातून सुमारे एक मायक्रोग्रॅम बी-१२ मिळतं, आणि गरज अडीचच्या आसपास. म्हणजे दूध-दही मिळून रोज अडीच-तीन पेले लागतात. चहातलं चमचाभर दूध यात धरू नका. दूध सोडलेल्या बाईला मात्र गोळी किंवा इंजेक्शन लागतंच. इडली, आंबील, स्पिरुलिना यांच्या भरवशावर राहू नये. गोळीवरचा मोठा आकडा बघून दचकू नका: शरीर एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच नीट शोषतं, उरलेल्यातलं जेमतेम एक टक्का. मात्रा डॉक्टरांनी ठरवायची. बाळंतपणानंतरही ती थांबवू नये, कारण आईत कमी असेल तर दुधातही कमी उतरतं.

प्रथिनांचं काम त्यामानाने सोपं. शेवटच्या तीन महिन्यांत रोज सुमारे २२ ग्रॅम जास्त लागतात. भाचीच्या नेहमीच्या भाकरी-आमटीवर आम्ही ३० ग्रॅम सोयाबीन वड्यांची भाजी (सुमारे १५ ग्रॅम) आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे (सुमारे ७) वाढवले. दूध चालत असेल तर वड्यांऐवजी दोन पेले दूध.

भाचीचं बी-१२ तपासणीत कमीच निघालं. इंजेक्शनं सुरू झाली, चहाची वेळ बदलली, आणि पुढच्या महिन्यात कार्डावर १०.६ लिहिलं गेलं.