जुनी काडतुसं: नागपूरच्या हवेत या चुका टाळा

काटोलकडच्या आमच्या शेतघरात काकांची परवान्याची बारा बोअरची दुनळी आहे. तिची 25 काडतुसं बरीच वर्षं माळ्यावरच्या लोखंडी पेटीत, चामड्याच्या पट्ट्यात खोचलेली होती. मागच्या हिवाळ्यात पेटी उघडली तर 9 काडतुसांची पितळी बुडं कळकलेली. नख लावलं की हिरवी पूड निघे.

पहिली चूक माळ्याची. वर टिनाचं छप्पर, आणि नवतपात बाहेरच पारा 45 च्या पुढे. आत त्याहून जास्त. काडतुसातली धूरविरहित दारू नायट्रोसेल्युलोजची असते. ती मुळातच हळूहळू विघटित होते आणि त्यातून आम्लकारी वायू सुटतो. तो शोषून घ्यायला दारूत स्थिरक मिसळलेला असतो. उष्णता वाढली की विघटनाचा वेग वाढतो, स्थिरक लवकर संपतो, मग आम्लच उरलेली दारू नासवतं आणि पितळ आतून खातं. पेटी उघडताच आंबट, नाकात झोंबणारा वास आला तर ते याचंच लक्षण समजा.

दुसरी चूक चामड्याची. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि त्यात मुरलेली ओल पितळाला कळकवतात. पट्टा वापरायपुरता, साठवायला नाही. आपल्याकडे ओल फक्त पावसाळ्यात येते असंही नाही. कूलरच्या खोलीत मे महिन्यातही हवा दमट असते.

तिसरी चूक घडता घडता राहिली: काका अमोनियाचं पितळ-पॉलिश घेऊन बसले होते. अमोनियाने ताण असलेलं पितळ तडकतं. ब्रिटिश काळात पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेल्या काडतुसांना अशाच भेगा पडत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया त्याला कारण होता, हे 1921 मध्ये उलगडलं. तेलही चोळू नका. ते बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीत झिरपतं आणि काडतूस मुकं होतं.

कोरड्या फडक्याने पुसून जाणारा काळपटपणा चालतो. हिरवी पूड, खड्डे, भेग, फुगलेलं कवच किंवा गंजलेली टोपी दिसली तर ते काडतूस बाद. "एक उडवून पाहू का?" काकांनी विचारलं. मी हात धरला. नासलेली दारू अर्धवट जळाली तर बार फुसका होतो, आतला डाट नळीत अडकू शकतो आणि पुढच्या बाराला नळी फाटते. चाप ओढूनही बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेलाच धरून निदान 30 सेकंद थांबावं. बार उशिरा होऊ शकतो.

बाद काडतुसं फोडायची नाहीत, जाळायची नाहीत, विहिरीतही टाकायची नाहीत. आम्ही आधी ठाण्यात फोन करून विचारलं आणि त्यांनी सांगितलं तशी परवान्यासह जमा केली. उरलेली 16 आता खालच्या मजल्यावर, आतल्या भिंतीच्या कुलूपबंद कपाटात, रबरी कडेच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत आहेत. डबा जानेवारीतल्या कोरड्या दुपारी बंद केला. जुलैत केला असता तर ओलही आतच कोंडली गेली असती.