जोतीरावांना वीस मिनिटांचं अभिवादन: जयंतीचा कार्यक्रम एका मुद्द्यावर कसा बसवावा

११ एप्रिलच्या सकाळी बहुतेक मंडळांत भाषण एकाच वाटेने जातं. जन्म १८२७, मग भिडेवाडा, घरचा हौद, बालहत्या प्रतिबंधक गृह, सत्यशोधक समाज, 'महात्मा' पदवी आणि निधन. त्रेसष्ट वर्षांचं आयुष्य सहा मिनिटांत उरकतं. समोर बसलेल्या सातवीच्या पोरालाही हे सगळं पाठ असतं, त्यामुळे तो ऐकत नाही, टाळ्या कधी वाजवायच्या एवढंच बघत असतो. यातली एकच गोष्ट घेऊन नीट सांगितली तर कार्यक्रम वीस मिनिटांत होतो. तो कसा बसवायचा, हे १८८२ सालच्या एका गोष्टीवरून पाहू.

आधी मुद्दा ठरवा, वक्ता नंतर

साधारण दहा दिवस आधी मंडळाची एक बैठक घ्या आणि तिच्यात फक्त मुद्दा ठरवा. वक्ता आधी ठरला की मुद्दा त्याच्या सवयीचा येतो. 'स्त्रीशिक्षण' किंवा 'समता' हे मुद्दे नव्हेत, ते विषय आहेत. मुद्दा म्हणजे त्या माणसाने अमुक साली केलेली किंवा मागितलेली एक ठोस गोष्ट. ती एका वाक्यात सांगता आली पाहिजे आणि तिचा धागा आपल्या गावात आज कुठेतरी सापडला पाहिजे.

आपला मुद्दा असा: १८८२ साली जोतीरावांनी सरकारकडे मागितलं, की निदान बाराव्या वर्षापर्यंत प्रत्येक मुलाला प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा.

मुद्द्याच्या मागचं वाचून काढा

भाषण चार मिनिटांचं असलं तरी बोलणाऱ्याला चाळीस मिनिटांचं माहीत हवं. त्या वर्षी विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला होता. त्याच्यापुढे जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी पुण्याहून लेखी निवेदन दिलं. त्यात स्वतःची ओळख त्यांनी व्यापारी, शेतकरी आणि पुणे नगरपालिकेचे सदस्य अशी दिली आहे. तोवर शाळा काढून चालवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

त्यांचा युक्तिवाद पैशापासून सुरू होतो, आणि भाषणातही तो तिथूनच सुरू करावा. सरकारच्या महसुलाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो, हा त्यांचा आक्षेप. वरच्यांना शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपेल, असं सरकारी धोरण सांगत होतं. ती झिरपलेली दिसत नाही, हे त्यांनी पुरावे देऊन मांडलं. मुंबई इलाख्यातल्या दहापैकी जवळपास नऊ गावांत प्राथमिक शिक्षणाची सोयच नाही, असं त्यांनी लिहिलं.

नुसती तक्रार करून ते थांबले नाहीत. शाळेत काय शिकवावं याची यादीच त्यांनी दिली: मोडी आणि बाळबोध लिपीत लिहिणं-वाचणं, हिशेब, इतिहास-भूगोल आणि व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि स्वच्छतेचे काही धडे. मोडी कशासाठी, तर सावकाराचे कागद आणि सरकारी दप्तर मोडीत असे. ज्याला मोडी वाचता येत नाही त्याने कशावर अंगठा उठवला, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत आणि वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्यांना लाज वाटू नये, असंही त्यांनी लिहिलं. माझ्या मते त्या निवेदनातली ही सर्वांत जिवंत ओळ आहे. भाषणात दुसरं काही राहिलं तर राहू द्या, ही ओळ राहू देऊ नका.

एक काळजी घ्या. निवेदन इंग्रजीत आहे. तेव्हा मराठी वाक्य अवतरण चिन्हांत घालून त्यांच्या तोंडी देऊ नका. 'जोतीरावांनी लिहिलं, की...' असं म्हणून आशय सांगा. व्हॉट्सअॅपवर फिरणारे फोटोवरचे सुविचार तर फलकावर मुळीच घेऊ नका. त्यांतल्या पुष्कळांना ग्रंथाचं नावही नसतं आणि पानही नसतं.

गावातला धागा शोधा

या मागणीचा कायदा व्हायला किती काळ गेला ते एका वाक्यात येतं. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ साली सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि देशभरासाठी शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. म्हणजे निवेदनानंतर १२८ वर्षांपेक्षा थोडी कमी गेली. आकडे एवढेच पुरेत.

आता गावाकडे या. तुमचं गाव ऊसतोडीला जाणाऱ्यांचं असेल, तर मुख्याध्यापकांना आठवडाभर आधी भेटा आणि एवढंच विचारा: दिवाळीनंतर आईबापांबरोबर कारखान्यावर गेलेली मुलं किती, त्यांतली किती परत वर्गात बसली, आणि मागे राहिलेल्यांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय झाली का? ११ एप्रिलच्या सुमाराला कोयते परतायला लागलेले असतात, त्यामुळे प्रश्न अगदी वेळेवरचा आहे. ऊसतोड नसलेल्या गावात सातवी-आठवीनंतर शाळा सुटलेल्या मुलींची संख्या विचारा. फक्त संख्या घ्या, नावं घेऊ नका. व्यासपीठावरून एखाद्या घराकडे बोट गेलं की ते घर पुढच्या वर्षी कार्यक्रमाला फिरकत नाही. मुख्याध्यापक आकडा द्यायला कचरत असतील तर आग्रह धरू नका, 'आपल्या गावातूनही मुलं जातात' एवढं वाक्य चालतं.

भाषण लिहा, आणि मोजा

मोकळ्या मैदानात माईकवर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द नीट ऐकू जातात. चार मिनिटांचं भाषण म्हणजे साडेचारशे शब्द, त्याहून जास्त नाही. 'व्यासपीठावर उपस्थित' ही यादी वक्त्याने वाचायचीच नाही, नाहीतर दीड मिनिट तिथेच जातं. सुरुवात अशी करता येईल:

'सर्वांना जय जोती. मी आज एकाच कागदाबद्दल बोलणार आहे. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी तो सरकारला पाठवला. त्यात त्यांनी विचारलं, की शेतसारा कोण भरतो? शेतकरी. मग त्या पैशातून शाळा कुणाची चालते? त्या काळी दहापैकी नऊ गावांत शाळाच नव्हती. जोतीरावांनी मागणी केली, की बारा वर्षांपर्यंत प्रत्येक मूल शाळेत बसलंच पाहिजे. आणि शिकवायचं काय, तेही सांगितलं. पहिल्यांदा मोडी, कारण सावकाराचा कागद मोडीत असायचा.'

इथे थोडं थांबून वक्त्याने समोरच्या मुलांना विचारावं, की आज आपल्या घरी न वाचता कुठल्या कागदावर सही होते? उत्तरं पटापट येतात: पीककर्ज, मोबाइलचं सिम, मायक्रोफायनान्सचा हप्ता. एक-दोन ऐकून पुढे जा, चर्चा वाढू देऊ नका. मग शिक्षकाची आणि नांगराची ओळ, मग शाहू महाराज आणि २०१०, आणि शेवटी गावातला आकडा. आकडा सांगून झाला की भाषण संपलं. 'म्हणून आपण सर्वांनी त्यांच्या विचारांवर चाललं पाहिजे' हे वाक्य कागदावर आलं असेल तर खोडा.

दोनदा मोठ्याने वाचून मोबाइलवर वेळ लावा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर मधला एखादा भाग उचलून बाजूला ठेवा. भरभर वाचून वेळ भरून काढायची नाही.

वीस मिनिटांची सकाळ

वेळ साडेसातची ठेवा. एप्रिलमध्ये नऊनंतर उघड्यावर कुणी बसत नाही. प्रतिमेला पुष्पहार, दोन मिनिटांचं प्रास्ताविक, शाळेतल्या एखाद्या मुलीकडून जोतीरावांच्या विषयांच्या यादीचं वाचन, चार मिनिटांचं भाषण आणि आभार. नारळ, अगरबत्ती, आरती घेऊ नका. मध्यस्थाशिवाय आणि कर्मकांडाशिवाय जगा, असं सांगणाऱ्या माणसाचा हा दिवस आहे. लाऊडस्पीकर लावणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी आधी काढा. शंभरेक माणसांसाठी एक साधा बॉक्स स्पीकर पुरतो.

फलकावर जयंती कितवी हे लिहिणार असाल तर चालू सालातून १८२७ वजा करा. २०२७ ला दोनशेवी येते. '२८ नोव्हेंबर' हा स्मृतिदिन आहे, गेल्या वेळचा फलक पुन्हा लावताना ही गफलत होते. छपाईला देण्याआधी दोघांनी मजकूर वाचावा.

खरी अडचण पाहुण्यांची. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, तालुक्याचे कुणी आले की प्रत्येकाला 'दोन शब्द' हवे असतात आणि वीस मिनिटांचा सव्वा तास होतो. हे त्या सकाळी आवरत नाही, आधीच आवरावं लागतं. निमंत्रण द्यायला जाल तेव्हाच घरी सांगा: 'दादा, हार तुमच्या हस्ते घालायचाय. यंदा भाषण एकच ठेवलंय, आपल्याच पोरीचं.' तोंडावर सांगितलेलं माणसं मानतात. तरीही कुणी माईक हातात घेतलाच, तर सूत्रसंचालकाने मध्ये पडू नये. त्यांचं झाल्यावर पुढचं सुरू करावं आणि आभार दोन ओळींवर आणावेत.

पोचलं का, ते असं कळतं

चहा देताना एखाद्या मुलाला सहज विचारा, की ताई काय बोलली रे? 'फुले थोर समाजसुधारक होते' असं उत्तर आलं तर मुद्दा पोचला नाही. अशा वेळी बहुतेकदा सुरुवातीला चरित्र घुसलेलं असतं. 'मोडी शिकवा म्हणाले' किंवा 'बारा वर्षांपर्यंत शाळा' असं काही आलं तर पोचला. मोठ्यांपैकी कुणी आकड्यावर वाद घालायला लागलं, 'एवढी पोरं नाहीत जात हो', तर तेही पोचल्याचंच लक्षण आहे. त्यांना मुख्याध्यापकांकडे न्या.

भाषणाचा कागद तारीख घालून मंडळाच्या फायलीत लावा आणि वर मुद्दा एका ओळीत लिहा. पुढच्या वर्षीच्या बैठकीत तो आधी वाचा, म्हणजे तोच मुद्दा पुन्हा येणार नाही. १८६८ साली अस्पृश्यांसाठी खुला केलेला घरचा हौद अजून बाकी आहे, आणि गावच्या पाण्याच्या टाकीजवळ उभं राहून तो सांगता येईल.