डिझाइन डॉक्युमेंट लिहिताना बाणांकडे आधी पाहा

सॉफ्टवेअरचे डिझाइन डॉक्युमेंट उघडले की पहिल्या पानावर बहुधा चार-पाच चौकटी आणि त्यांना जोडणारे बाण दिसतात. चौकटींना नावे असतात, पण बाणांवर एक तर काहीच लिहिलेले नसते, नाहीतर ‘सिंक’ किंवा ‘प्रोसेस’ असा एखादा शब्द असतो. नवा डेव्हलपर चौकटीत क्वचितच अडतो, कारण चौकटीच्या आत काय चालते हे त्याला कोड वाचून कळते. दोन चौकटींमध्ये काय ठरले आहे, हे मात्र कोणत्याही एका फाइलमध्ये सापडत नाही. डॉक्युमेंट लिहायचे ते मुख्यतः तेवढ्यासाठी.

इंदूरमधल्या एका धान्य व्यापाऱ्यासाठी आम्ही केलेल्या सोयाबीन खरेदीच्या प्रणालीचे उदाहरण घेतो. तिच्यात तीन मॉड्यूल होती: तोल, हिशेब आणि पेमेंट. भरलेल्या ट्रॉलीचे व रिकाम्या ट्रॉलीचे वजन तोल नोंदवतो, त्यावरून भावाप्रमाणे रक्कम हिशेब काढतो आणि शेतकऱ्याच्या बँक खात्यात पैसे पेमेंट पाठवते.

मॉड्यूलचे वर्णन. प्रत्येकासाठी एक परिच्छेद पुरतो. मॉड्यूल काय करते, कोणता डेटा फक्त तेच लिहिते आणि कोणता निर्णय इतरांपासून लपवून ठेवते, एवढे सांगावे. बदलण्याची शक्यता असलेला निर्णय एका मॉड्यूलच्या आत झाकावा, कामाच्या पायऱ्यांप्रमाणे तुकडे पाडू नयेत, हे डेव्हिड पार्नास यांनी १९७२ सालीच मांडले होते. आमच्याकडे वजनकाटा कोणत्या कंपनीचा आहे हे फक्त तोलला ठाऊक असते, आणि बँक कोणती हे फक्त पेमेंटला. कोडमधल्या फंक्शनांची यादी डॉक्युमेंटमध्ये देऊ नये, कारण ती महिन्याभरात शिळी होते.

शब्दसूची. इथे ती टाळता येत नाही. व्यापारी ‘पर्ची’ म्हणतो, स्क्रीनवर ‘तौल’ असते, कोडमध्ये `slip` असते आणि आम्ही मराठी माणसे आपसांत ‘पावती’ म्हणतो. चारही एकच वस्तू आहेत, हे एका ओळीत लिहून टाकावे.

डेटाचा प्रवास. माझी सर्वांत मोठी चूक इथेच झाली होती. सगळ्या प्रणालीचा प्रवास एका चित्रात बसवण्याचा प्रयत्न करू नका. एक खरी नोंद घ्या आणि ती आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत तिच्या मागे चाला. समजा, भरलेली ट्रॉली ६,८४० किलो आणि रिकामी २,३१० किलो भरली. माल ४,५३० किलो, म्हणजे ४५.३० क्विंटल झाला. भाव ४,६०० रुपये क्विंटल धरला तर रक्कम २,०८,३८० रुपये होते. शेतकऱ्याने त्या दिवशी एक लाख घेतले आणि उरलेले १,०८,३८० नंतर मागितले. हे आकडे डॉक्युमेंटमध्ये जसेच्या तसे लिहा. तोल किलो देतो आणि भाव क्विंटलचा असतो, ही गोष्ट आकडे समोर असले की वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. एकक नोंदीतल्या क्षेत्राच्या नावातच घालणे उत्तम.

यानंतर प्रत्येक बाणापाशी थांबून पाच गोष्टी लिहायच्या: काय जाते, सुरुवात कोण करतो, पाठवणारा उत्तराची वाट पाहतो का, तीच गोष्ट दुसऱ्यांदा आली तर काय होते, आणि उत्तर आलेच नाही तर काय करायचे. पहिल्या तीन सगळेच लिहितात. शेवटच्या दोन मी लिहिल्या नव्हत्या. माझ्या डॉक्युमेंटमध्ये एवढेच वाक्य होते: ‘हिशेब पेमेंटला रक्कम पाठवतो.’

पेमेंटकडून तीस सेकंदांत उत्तर आले नाही की हिशेब चूक दाखवून थांबत असे. नव्या सहकाऱ्याने त्यात सुधारणा म्हणून मागणी पुन्हा पाठवण्याची सोय केली, आणि प्रत्येक वेळी नवा मागणी क्रमांक तयार केला. एका दुपारी बँकेकडे पैसे गेले, पण उत्तर परत येताना वाटेत हरवले. हिशेबने मागणी पुन्हा पाठवली. पेमेंटच्या दृष्टीने क्रमांक नवा होता, म्हणून पैसेही पुन्हा गेले. संध्याकाळी बँकेचे विवरण जुळवताना एकाच शेतकऱ्याच्या नावे तीच रक्कम दोनदा दिसली, तेव्हा हे कळले. त्या सहकाऱ्याचा दोष मी मानत नाही. टाइमआउट म्हणजे अपयश नव्हे, तर निकाल अजून ठाऊक नसणे, हे त्याला सांगणारे एकही वाक्य मी लिहिलेले नव्हते.

इंटरफेस. त्या बाणाचे वर्णन आता असे आहे:

```
{
  "request_id": "24117-1",
  "slip_no": "24117",
  "amount_paise": 10000000
}
```

याखाली नियम पूर्ण वाक्यांत लिहिले आहेत. `request_id` हिशेब एकदाच तयार करतो आणि पाठवण्याआधी स्वतःच्या टेबलमध्ये जपून ठेवतो. मागणी पुन्हा पाठवायची झाल्यास तोच क्रमांक वापरायचा. नुसता पावती क्रमांक इथे चालत नाही, कारण एका पावतीचे पैसे दोन हप्त्यांत जाऊ शकतात. वरच्या उदाहरणातला दुसरा हप्ता `24117-2` होतो. पेमेंट तो क्रमांक बँकेकडे मागणी पाठवण्याआधी नोंदवते आणि तोच पुन्हा आला तर पहिल्या मागणीचे जे उत्तर असेल तेच परत देते.

एक मर्यादाही लिहिणे भाग आहे. क्रमांक नोंदवला आणि बँकेचे उत्तर मिळण्याआधी सर्व्हर बंद पडला, तर पैसे गेले की नाही हे पेमेंटलाही ठाऊक नसते. अशी नोंद ‘अनिश्चित’ स्थितीत ठेवायची, बँकेकडे तिची स्थिती विचारायची, आणि उत्तर मिळेपर्यंत पैसे पुन्हा पाठवायचे नाहीत. या वाक्याशिवाय इंटरफेसचे वर्णन मी पूर्ण मानत नाही, मग क्षेत्रांचा तक्ता कितीही सुबक असो.

जागा. डॉक्युमेंट कोडच्याच रिपॉझिटरीत ठेवा. इंटरफेसमधला बदल आणि डॉक्युमेंटमधला बदल एकाच वेळी तपासणीला यायला हवेत.

तपासणी. ‘कळले का?’ असे विचारू नका, कारण नवा माणूस संकोचाने ‘हो’ म्हणतो. डॉक्युमेंट हातात देऊन त्याला काम सांगा: रिकाम्या ट्रॉलीचे वजन चुकीचे नोंदले गेले आणि पहिला हप्ता गेलेला आहे, दुरुस्ती कुठे करशील? वजन तोलमध्येच दुरुस्त व्हायला हवे, रक्कम हिशेबने पुन्हा काढायला हवी आणि फरक दुसऱ्या हप्त्यात वळता व्हायला हवा. हिशेबच्या टेबलमध्ये थेट वजन बदलण्याचा विचार त्याच्या मनात आला, तर वजन लिहिण्याचा अधिकार कोणाचा हे डॉक्युमेंटमध्ये पुरेसे स्पष्ट झालेले नाही. त्याने कोणत्या पानावर किती वेळ थांबून मागचे पान पुन्हा उघडले, हे शेजारी बसून टिपून घ्या आणि ती पाने त्याच दिवशी पुन्हा लिहा.